कार्बिमाझोल आणि आयोडीनचे थेंब: एक आठवडेच्या आठवडे चालतं, दुसरं तारखेला बांधलेलं असतं

"ऑपरेशन पुढे गेलं, पण थेंब चालूच ठेवलेत, म्हणजे थायरॉइड दबलेली राहील." थायरॉइड काढण्याच्या ऑपरेशनसाठी भूल देण्याआधीच्या तपासणीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते. नातेवाईक असं म्हणतात तेव्हा त्यांचा दोष नसतो. कुणीतरी त्यांना "दोन्ही थायरॉइड कमी करायची औषधं" एवढंच सांगितलेलं असतं.

कार्बिमाझोल तुम्हाला माहीत असतं. ग्रेव्हज आजारात थायरॉइड भरमसाट हार्मोन बनवते आणि ही गोळी ते बनणं थांबवते. फक्त, आधी बनून ग्रंथीत साठलेल्या हार्मोनला ती हात लावत नाही. तो साठा हळूहळू सरतो, रक्तात आलेल्या टी-फोर या थायरॉइड हार्मोनलाही निम्मं व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून रिपोर्ट ताळ्यावर यायला साधारण ४ ते ८ आठवडे जातात.

तोवर सोबत दिल्या जाणाऱ्या प्रोप्रानोलोलबद्दल थोडक्यात. धडधड, कंप, घाम यांवर ते लगेच काम करतं, पण रक्तातलं हार्मोन जवळपास होतं तेवढंच राहतं. त्यामुळे ही गोळी चालू असताना "नाडी ७८ आहे, पेशंट तयार आहे" हा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. अशा वेळी वजन वाढायला लागलंय का ते विचारा आणि फ्री टी-फोर व टी-थ्री ही हार्मोनं बघा. थायरॉइडला हुकूम देणाऱ्या टीएसएचवर अडून बसू नका, ते महिनोन्‌महिने दबलेलं राहू शकतं. दमा असेल तर ही गोळी चालत नाही, हे मात्र आधी विचारायलाच हवं.

आता थेंबांकडे येऊ, कारण खरा घोळ इथेच होतो.

ल्यूगॉलचं द्रावण म्हणजे ५ टक्के आयोडीन आणि १० टक्के पोटॅशियम आयोडाइड. ऑपरेशनआधी सहसा ५ ते ७ थेंब, दिवसातून ३ वेळा, ७ ते १० दिवस देतात. एका थेंबात ६ ते ८ मिलिग्रॅम आयोडीन असतं. माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एकच थेंब त्याच्या चाळीसपट किंवा जास्तच झाला. हे अन्नातून मिळणाऱ्या आयोडीनसारखं पोषण नाही, हा मुद्दाम दिलेला धक्का आहे.

इतकं आयोडीन एकदम आलं की ग्रंथी गोंधळते. साठलेलं हार्मोन रक्तात सोडणं ती एक-दोन दिवसांत कमी करते आणि नवीन बनवणंही काही काळ थांबवते. कार्बिमाझोल उत्पादन बंद करतं, पण कोठाराचं दार उघडंच राहतं. थेंब ते दार लावून घेतात. त्याबरोबर ग्रंथीचा रक्तपुरवठा घटतो. ग्रेव्हजमध्ये फुगलेली ग्रंथी हाताला मऊ, धडधडती लागते, जरा धक्का लागला तरी रक्त येतं. थेंबांनंतर ती घट्ट होते आणि सर्जनला ती सोडवून काढणं सोपं जातं. १९२०च्या दशकात हेन्री प्लमर यांनी मेयो क्लिनिकमध्ये ऑपरेशनआधी आयोडीन द्यायला सुरुवात केली, तेव्हा कार्बिमाझोलसारखी औषधं नव्हतीच. एवढ्या एका बदलाने या ऑपरेशनमधले मृत्यू खूप कमी झाले.

पण हे दार लावलेलं राहत नाही. ग्रंथी आयोडीन आत ओढणंच कमी करते आणि दाबातून सुटते. आठवडा-दहा दिवसांनंतर परिणाम उतरायला लागतो, आणि तोवर कोठार मात्र आयोडीनने ठासून भरलेलं असतं. हाच कच्चा माल. कार्बिमाझोल नसेल तर त्यातून पुन्हा हार्मोन बनतं, आणि असलं तरी आयोडीनने भरलेल्या ग्रंथीवर कार्बिमाझोलची पकड ढिली पडते. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी कार्बिमाझोल, रिपोर्ट ताळ्यावर, मग ऑपरेशनची तारीख, आणि त्या तारखेपासून मागे मोजून थेंब.

एक उदाहरण घ्या. ३४ वर्षांची बाई, ग्रेव्हज, मोठा गलगंड. नाडी १२४, फ्री टी-फोर ४.८, जिथे वरची मर्यादा १.८च्या आसपास. रोज कार्बिमाझोल ३० मिलिग्रॅम आणि प्रोप्रानोलोल ४० मिलिग्रॅम तीन वेळा सुरू केलं. दहाव्या दिवशी नाडी ८०, बाईंना छान वाटतंय, पण फ्री टी-फोर अजून ४.१. त्या दिवशी तिला टेबलावर घेतलं असतं तर ऑपरेशनमध्ये किंवा त्याच रात्री थायरॉइड स्टॉर्मची भीती होती: चढता ताप, सुटलेली नाडी, भ्रम. सात आठवड्यांनी फ्री टी-फोर १.५, टी-थ्री नॉर्मल, वजन ३ किलो वाढलेलं. आता २१ तारीख ठरली आणि ११ तारखेपासून ५-५ थेंब सुरू झाले, पेलाभर पाण्यात मिसळून, स्ट्रॉने, म्हणजे दातांना डाग पडत नाहीत.

१९ तारखेला तिचा घसा दुखायला लागला, ताप आला. कार्बिमाझोलवर असलेल्या माणसाला घसादुखी आणि ताप म्हणजे गोळी थांबवून गोळीने पांढऱ्या पेशी घटल्यात का याची त्याच दिवशी तपासणी, यात सवलत नाही. पेशी व्यवस्थित होत्या, साधं इन्फेक्शन निघालं, गोळी परत सुरू झाली. ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं.

इथेच ते वाक्य येतं, थेंब चालूच ठेवू म्हणून. तारीख दोन-तीन दिवसच सरकली असती तर चाललं असतं. तीन आठवडे नाही. तिचे थेंब बंद केले, कार्बिमाझोल आणि प्रोप्रानोलोल चालू ठेवलं, दोन आठवड्यांनी फ्री टी-फोर व टी-थ्री पुन्हा पाहिले. ते वाढलेले नाहीत हे बघूनच नव्या तारखेआधी थेंब परत दिले. आकडे वर गेले असते तर आधी कार्बिमाझोलचा डोस आणि मग तारीख बदलावी लागली असती. म्हणूनच तारीख पक्की झाल्याशिवाय थेंबांची बाटली उघडूच नये, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं ग्रेव्हजबद्दल. ज्यांच्या थायरॉइडमध्ये गाठी आहेत आणि त्या गाठीच जास्त हार्मोन बनवतात, त्यांना हे थेंब देत नाहीत. त्या गाठी आयोडीनने दबत नाहीत, उलट तेच वापरून आणखी हार्मोन बनवतात. चिठ्ठीवर नुसतं "हायपरथायरॉइड" लिहून येणाऱ्या पेशंटमागे मी कारण विचारत राहते ते यासाठीच.

ऑपरेशनच्या सकाळी प्रोप्रानोलोल घोटभर पाण्याबरोबर द्यायचंच. उपाशी राहायचं म्हणून ते चुकवणारे घरोघरी आहेत. त्याचा असर काही तासांचाच असतो. ग्रंथी काढली की थेंब आणि कार्बिमाझोल दोन्ही त्याच दिवशी संपतात, कारण बनवणारं कुणी उरलेलं नसतं. रक्तातलं टी-फोर मात्र अजून आठवडाभर फिरत असतं, त्यामुळे प्रोप्रानोलोल आणखी काही दिवस चालू ठेवून हळूहळू कमी करतात.