कन्फ्युशियसने फक्त ‘करू नका’ एवढंच सांगितलं का?

‘स्वतःला नको ते दुसऱ्यावर लादू नका, एवढंच तो म्हणाला. दुसऱ्याचं भलं करा, असं काही त्याने सांगितलंच नाही ना?’

नाही, सांगितलंय. कन्फ्युशियसची वचनं आणि संवाद असलेल्या ‘लुन्यू’ या ग्रंथात, सहाव्या प्रकरणाच्या शेवटी. शिष्य झिगोंग विचारतो, की सगळ्या लोकांचं भलं करणाऱ्याला ‘रेन’, म्हणजे माणुसकी असलेला, म्हणावं का? गुरू म्हणतात, ते तर याओ आणि शुन या प्राचीन आदर्श राजांनाही जड गेलं असतं. मग सोपं करून सांगतात: रेन असलेला माणूस स्वतःला उभं राहायचं असतं तेव्हा दुसऱ्याला उभं करतो.

‘लादू नका’ हे नकारार्थी वाक्य त्याच ग्रंथाच्या पंधराव्या प्रकरणात आहे. तिथेही विचारणारा झिगोंगच. जन्मभर पाळता येईल असा एकच शब्द त्याला हवा होता. उत्तर आलं ‘शू’, आणि पुढे ते आठ चिनी अक्षरांचं प्रसिद्ध वाक्य. शू हे अक्षर लिहिताना वर ‘सारखं’ आणि खाली ‘हृदय’ येतं: दुसऱ्याचं मन आपल्यासारखं धरून बघणं. म्हणजे ‘करू नका’ हा शूचा खुलासा झाला, सगळी शिकवण नव्हे.

हे वाक्य सोपं वाटतं, तर पाचवं प्रकरण वाचा. झिगोंग ऐटीत म्हणतो, लोकांनी माझ्यावर लादू नये असं मला वाटतं, मीही कुणावर लादणार नाही. गुरू एवढंच म्हणतात: तिथवर तू अजून पोचलेला नाहीस.