पंचवीसची अर्धी गोळी म्हणजे वेळकाढूपणा?

‘आईचं थायरॉइड कमी पडतंय, टीएसएच ३८ आलाय आणि डॉक्टरांनी लेव्होथायरॉक्सिनची पंचवीस मायक्रोग्रॅमची अर्धीच गोळी दिली. एवढ्याने काय होणार? सरळ १०० का नाही?’

आईंचं वय ७६, वजन ५५ किलो आणि हृदयात स्टेंट. वजनाला किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम या हिशेबाने पूर्ण डोस ८८च्या आसपास येतो. धडधाकट तरुणाला तो पहिल्या दिवसापासून चालतो. आईंचं हृदय मात्र थायरॉइड कमी पडल्याने कित्येक महिने मंद गतीला सरावलेलं आहे. लेव्होथायरॉक्सिन ठोके वाढवतं, आकुंचन जोरकस करतं, म्हणजे हृदयाला जास्त प्राणवायू लागतो. अरुंद रक्तवाहिन्यांतून तो पुरला नाही की छातीत दुखतं, ठोके अनियमित होतात, क्वचित झटकाही येतो.

म्हणून सुरुवात साडेबारा किंवा पंचवीसने. औषध रक्तात स्थिरावायला सुमारे सहा आठवडे लागतात, त्याआधीचा टीएसएच फसवा असतो. सहा आठवड्यांनी तपासणी, मग २५, पुन्हा तपासणी, मग ३७.५. आईंना कदाचित ५०-६२ वरच पुरेल, कारण सत्तरीनंतर टीएसएच ४ ते ६ असला तरी चालतो. तो एकच्या खाली ओढण्याचा हट्ट नको.

वाढवल्यावर जिना चढताना छाती आवळली, धडधड किंवा धाप वाढली, तर पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. बहुधा ते मागच्या डोसवर आणतात. विश्रांतीतही छातीत दुखत राहिलं तर थेट रुग्णालय गाठा.