ऑफिसच्या पीसीवर गेम का अडखळतो? एका रॅमच्या पट्टीची गोष्ट

अंधेरीतल्या एका ऑफिसने मोडीत काढलेला आय५-६५०० चा डबा मी घरी आणला. तो टॅलीसाठी उत्तम होता, पण शर्यतीचा नवा गेम लावला की गाडी वळणावर दिसायची आणि वळण संपल्यावर वळायची. दोष ग्राफिक्स कार्ड नसण्याचाच, असं मीही धरून चाललो होतो. खरं कारण जरा जुनं आहे.

१९९९ मध्ये इंटेलने आय८१० चिपसेट आणला. त्यात ग्राफिक्स मदरबोर्डच्या चिपसेटमध्येच होतं आणि ते काम बहुतांशी मुख्य रॅममधून भागवायचं. वेगळं कार्ड नको, त्यावरची वेगळी मेमरी नको, म्हणजे पीसी स्वस्त. ऑफिसांना हेच हवं होतं. पुढे २०११ च्या सँडी ब्रिजपासून ग्राफिक्स प्रोसेसरच्याच चिपवर आलं आणि बरंच सुधारलं. २०२० च्या व्हॅलोरंट या गेमने तर किमान अटींत इंटेल एचडी ४००० हे प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स चालेल असं सांगितलं. पण रॅम उसनी घेण्याची सवय तशीच राहिली.

आणि ऑफिसचे पीसी बहुधा एकाच पट्टीवर येतात. दुसरा स्लॉट 'पुढे वाढवता येईल' म्हणून रिकामा राहतो आणि पुढे कुणी वाढवत नाही. एक्सेलला त्याने काही फरक पडत नाही, गेमला पडतो. डीडीआर४-२१३३ ची एक पट्टी सेकंदाला साधारण १७ जीबी माहिती पुरवते. त्याच नळावर प्रोसेसरही पाणी भरतो आणि ग्राफिक्सही. दोन वाहिन्यांत दोन पट्ट्या बसवल्या की हा आकडा ३४ होतो.

टास्क मॅनेजरच्या Memory पानावर `Slots used: 1 of 2` दिसलं, तेव्हा माझी शंका पक्की झाली. तरी आधी एक चाचणी केली: गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम वाढल्या, म्हणजे अडलेलं ग्राफिक्सच. तशाच राहिल्या असत्या तर प्रोसेसरकडे बोट दाखवलं असतं आणि रॅमवरचे पैसे वाया गेले असते.

मग लॅमिंग्टन रोडवरून त्याच वेगाची ८ जीबीची जुनी पट्टी आणली. ७२० वर, सावल्या बंद ठेवून, आधी फ्रेम पंचविशीत घुटमळायच्या, आता चाळिशीच्या आसपास राहतात. बायॉसमध्ये ग्राफिक्ससाठी राखीव मेमरी वाढवण्याचा सल्ला दुकानातल्या पोऱ्याने दिला होता. करून पाहिला, काही फरक नाही. टाकी मोठी केली तरी नळ तोच होता.

मर्यादाही आहे. मेश शेडर ही ग्राफिक्सची नवी सोय मागणारे अलीकडचे काही गेम या चिपला झेपतच नाहीत, कारण तिच्यात ती सोयच नाही. तिथे दहा पट्ट्या लावल्या तरी काही होणार नाही.