मसाजआधीचे प्रश्न आणि अरोमाथेरपीचं शिक्षण

भारतात अरोमाथेरपिस्ट व्हायला डॉक्टर किंवा नर्ससारखी सरकारी नोंदणी लागत नाही. त्यामुळे दोन दिवसांची कार्यशाळा केलेला माणूसही सांगलीत पाटी लावू शकतो. कार्यशाळेत पाच-सहा तेलांची ओळख होते. तेवढ्यात घरच्यांना वास देण्याइतपत जमतं. अमेरिकेतली ‘नाहा’ ही संघटना पहिल्या पातळीला किमान ५० तास आणि व्यावसायिक पातळीला २०० तास मागते. त्यापुढच्या क्लिनिकल पातळीत आजार आणि औषधं यांचा अभ्यास असतो. आपल्याकडे कन्नौजच्या सुगंध व सुरस विकास केंद्रातही प्रशिक्षण मिळतं. तेलांची नावं लवकर पाठ होतात. काय विचारायचं, ते यायला मात्र वेळ लागतो.

समजा, तासगावचे एक द्राक्ष बागायतदार छाटणीनंतर कंबर धरून येतात. ‘गोळ्या चालू आहेत का?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘बीपीची एक आहे.’ इथे थांबायचं नाही. गोळ्यांची पाकिटं आणायला सांगायची, कारण आपल्याकडे बऱ्याच गोळ्या ‘बीपीच्या’ असतात. पाकिटावर वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं औषध निघतं. ‘ऑपरेशन झालंय का?’ तर हृदयाची झडप बदललेली!

कंबरदुखीला हात आपसूक विंटरग्रीनकडे, म्हणजे गंधपुऱ्याच्या तेलाकडे जातो. ते जवळपास सगळं मिथिल सॅलिसिलेट, अॅस्पिरिनचं नातेवाईक. कातडीतून ते रक्तात शिरतं आणि वॉरफरिनचा परिणाम वाढवतं. अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त ही त्याची खूण. दाबून केलेल्या मसाजनेही असे डाग पडतात. म्हणून विंटरग्रीन बाद, खोल दाबही बाद, आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात नाही.

डॉक्टरांनी होकार दिला, तर पुढचा प्रश्न अॅलर्जीचा, मग ‘इथून कुठे जाणार?’ हा. विचित्र वाटतो, पण ते उन्हात बागेत जाणार असतील तर बर्गमॉटचं तेल चालत नाही. त्यातल्या फ्युरोकुमारिन या घटकांमुळे उन्हात कातडी भाजते आणि डाग महिनोन्महिने राहतात.

मग उरतं साधं मिश्रण : ३० मिली तिळाच्या तेलात लॅव्हेंडरचे ६ थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. थेंबांचा आकार बाटलीगणिक बदलतो, तेव्हा मिलीतच मोजलेलं बरं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ तास बघायचं.

एक प्रश्न मात्र कुणालाही, दरवेळी : एकाच पायाची पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय का? नुकतंच ऑपरेशन किंवा लांबचा प्रवास झाला असेल तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. त्या पायाला हात लावायचा नाही. चोळल्याने गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं.