गोळ्यांच्या स्ट्रिपवरची चकाकी कशी घालवायची

स्ट्रिपमध्ये दहाच्या दहा गोळ्या आहेत का आणि त्यातली एखादी फुटलीय का, एवढंच पॅकिंग लाईनवरच्या कॅमेऱ्याला बघायचं असतं. पण वर पारदर्शक पीव्हीसीचे फुगे, खाली चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल आणि मध्ये पांढरी गोळी, असा माल कॅमेऱ्यासमोर आला की सॉफ्टवेअर बाजूलाच राहतं आणि सगळा वेळ लाईट लावण्यातच जातो.

बहुतेक जण सुरुवात रिंग लाईटने करतात, म्हणजे लेन्सभोवती एलईडीची गोल चकती. स्वस्त आहे, बसवायला सोपी आहे, आणि चारी बाजूंनी उजेड येत असल्याने सावलीही फारशी पडत नाही. एकाच बाजूने दिवा मारला तर खळग्याच्या भिंतीची सावली गोळीवर पडते आणि सॉफ्टवेअर ती सावलीच तुकडा उडालाय म्हणून मोजतं, ती कटकट रिंगने जाते. पण फोटो बघा, प्रत्येक फुग्यावर एलईडीच्या ठिपक्यांची एक छोटी बांगडी उमटलेली असते, नेमकी गोळीवर. मग लोक दिवा वरखाली करत बसतात. सपाट फॉइल असतं तर ते चाललंही असतं, दिवा तिरका केला की चमक कॅमेऱ्याला चुकवून दुसरीकडे गेली असती. फुगा म्हणजे चमच्याची मागची बाजू, त्याचा पृष्ठभाग सगळ्या दिशांना वळलेला असतो, त्यामुळे दिवा कुठेही न्या, फुग्यावरचा कुठला ना कुठला बिंदू त्याचा उजेड सरळ लेन्समध्ये फेकणारच.

दुसरा उपाय डोम लाईट. आतून मॅट पांढरा रंग दिलेला अर्धगोल, एलईडी खालच्या काठाला लपवलेले, त्यांचा उजेड आधी छतावर आपटतो आणि मग मालावर पसरतो. आता फुग्यात ठिपक्यांऐवजी सगळं पांढरं आभाळच दिसतं, त्यामुळे टोचणारी चमक जाते आणि सावल्याही जवळपास संपतात. मात्र कॅमेऱ्यासाठी माथ्यावर ठेवलेलं भोक प्रत्येक फुग्यात काळा ठिपका म्हणून दिसतं. त्याहून मोठी अडचण अशी की फॉइलही त्या पांढऱ्या आभाळाचं प्रतिबिंब दाखवतं, म्हणजे पांढऱ्यावर पांढरी गोळी, फोटो दिसायला छान पण गोळीची कडच सापडत नाही.

इथे पोलरायझर कामाला येतो, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पार होऊ देणारी फिल्म. दिव्यावर एक पोलरायझर फिल्म लावायची, लेन्सवर दुसरी, आणि दोन्ही एकमेकींशी ९० अंशात. आरशासारखं परावर्तन उजेडाच्या कंपनाची दिशा बहुतांशी तशीच ठेवतं, त्यामुळे पीव्हीसीवरची आणि फॉइलवरची चमक लेन्सच्या फिल्मवर अडते. गोळीच्या पावडरीत मात्र उजेड आत शिरतो, असंख्य कणांवर आपटत बाहेर येतो आणि कंपनाची दिशा विसरतो, म्हणून त्यातला साधारण निम्मा लेन्सच्या फिल्ममधून पार होतो. फॉइल गडद आणि गोळी पांढरी. मला तरी या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते, की ज्या फॉइलने सगळा त्रास दिला तेच आता गोळीमागचा काळा पडदा होतं.

लावताना क्रम महत्त्वाचा. दिव्यावर उजेड पसरवणारा डिफ्यूझर असेल तर पोलरायझर त्याच्या बाहेरच्या बाजूला, मालाकडे. उलटं लावलं की दुधी डिफ्यूझर उजेडाची ती एक कंपनदिशा पुन्हा विस्कटून टाकतो आणि मग लेन्सची फिल्म कितीही फिरवा, चमक हलत नाही. याच कारणाने पोलरायझर लावून वर डोम हे जमत नाही, उजेड आतल्या रंगावर आपटला की झालं, म्हणून या कामाला बहुतेक वेळा रिंग किंवा सपाट डिफ्यूज पॅनलच घेतात. आणि इन्फ्रारेड एलईडी वापरत असाल तर साधी फिल्म तिथे नीट अडवत नाही, त्या तरंगलांबीची वेगळी घ्यावी लागते.

किंमत उजेडात मोजावी लागते. प्रत्येक फिल्म निम्म्याहून जास्त उजेड खाते, दोन्ही मिळून कॅमेऱ्यापर्यंत पाचवा-सहावा हिस्सा पोचतो. समजा पट्टा सेकंदाला २०० मिमी पळतोय आणि एक्स्पोजर १ मिलिसेकंद आहे, तर फोटो ०.२ मिमी पुसट होतो, चालतं. उजेड भरून काढायला एक्स्पोजर ५ मिलिसेकंद केलं की पुसटपणा सरळ १ मिमी, आणि मग गोळीचा मिलिमीटरभर उडालेला कोपरा दिसायचा नाही. म्हणून एक्स्पोजर न वाढवता एलईडी स्ट्रोब करतात, म्हणजे क्षणभरच पण जास्त करंटने पेटवतात.

एवढं करूनही फुग्याच्या काठाला उजळ चंद्रकोरी राहतात, रंगीत कॅमेरा असेल तर इंद्रधनुष्यासारख्या. फुगा बनवताना पीव्हीसी गरम करून ताणलेलं असतं, आणि त्या ताणातून जाऊन फॉइलवरून परत येताना उजेडाची कंपनदिशाच बदलते, मग तो लेन्सची फिल्म पार करतो. फिल्म फिरवून हे पूर्ण जात नाही. सॉफ्टवेअरमध्ये काठाची पट्टी वगळता येते, पण तुकडे उडतात तेही काठालाच, त्यामुळे मला ते पटत नाही. बऱ्याच मशीनवर कॅमेरा फॉइल चिकटवायच्या आधीच, गोळ्या उघड्या खळग्यात असताना बसवतात, तिथे ही भानगडच नसते, फक्त त्यानंतर लाईनवर काही बिघडलं तर ते त्याला कळत नाही.

आणि चमक जातच नसेल तर आधी आपला दिवा बंद करून त्याच एक्स्पोजरला एक फोटो काढा. तो काळाकुट्ट यायला हवा. फुग्यांवर काही चमकत असेल तर ती छतावरची ट्यूबलाईट आहे, तिच्यावर फिल्म नाहीये, कॅमेऱ्याभोवती झाकण लावा.