ड्रिल एकाच स्पीडने पळतंय किंवा झटके मारतंय? स्विच काढायच्या आधी हे वाचा

रोज काउंटरवर दोन-तीन जण तरी एकच गाऱ्हाणं घेऊन येतात. कुणी म्हणतो खटका जरासा दाबला की मशीन एकदम फुल पळतं, हळू चालतच नाही. कुणी म्हणतो चालता चालता थांबतं, परत चालतं, हाताला हिसके बसतात. आणि निम्म्याहून जास्त लोक मशीनसोबत निकालपण घेऊनच येतात, "भाऊ, स्विच जयी गया, नवा टाकी द्या." टाकून देऊ की, स्विच आमच्याकडे आहेत आणि विकायला कुणाला आवडत नाही? पण नवा स्विच टाकून महिन्याभरात तेच मशीन परत आलं तर शिव्या आम्हालाच बसतात, म्हणून हा कागद छापलाय. हे सगळं वायरवाल्या साध्या ड्रिलबद्दल आहे, दहा आणि तेरा एमएमच्या. बॅटरीवाल्याचं वेगळं असतं, त्याचं शेवटी दोन ओळीत सांगतो.

पहिली गोष्ट, सर्किट सर्किट म्हणतात ते या ड्रिलमध्ये बहुतेक वेळा वेगळं नसतंच, ते खटक्याच्या डबीतच असतं. आत एक काळी पट्टी असते, खटका दाबला की तिच्यावरून एक पत्ती सरकते, आणि पत्ती जेवढी पुढे जाईल तेवढा वेळ ट्रायॅक नावाचा बारका पार्ट मोटरला करंट सोडतो. डायमर पंखा हळू-जोरात करतो तसंच, फक्त बोटाखाली. बऱ्याच स्विचमध्ये खटका पूर्ण दाबला की एक वेगळा कॉन्टॅक्ट लागतो आणि ट्रायॅकला बाजूला ठेवून मोटर सरळ लाईनवर जाते. म्हणून "फुल दाबल्यावर चालतं, मधे चालत नाही" असं कुणी सांगितलं तर मोटर बिचारी बरी असण्याचा चान्स मोठा, दोष त्या मधल्या भागात.

आणि खटक्यावर ते छोटं चाक असतं ना, ते आधी बघा. ते चाक खटका किती आत जाईल एवढंच ठरवतं. कमीकडे फिरलेलं असलं की मशीन हळूच चालणार, कितीही दाबा. बारकी पोरं खेळता खेळता फिरवतात. असं मशीन आमच्याकडे आलं की आम्ही बोटाने चाक फिरवून परत देतो, पैसे घेत नाही, चहा पाजला तर नाही म्हणत नाही.

आता खरा घोळ. मीटरवाले भाऊ आमचा सगळ्यात जास्त वेळ खातात, रागवू नका. घरी मीटर असतो, कंटिन्यूटीला लावतात, खटका अर्धा दाबतात, बीप येत नाही, मग ठरवतात स्विच ओपन झाला. झालं, बॉडी उघडतात, स्विचच्या चारी-पाची वायरी उपटतात, कुठली कुठे होती त्याचा फोटो नाही, फॉरवर्ड-रिव्हर्सच्या लिव्हरची बारकी स्प्रिंग उडून जाते ती सापडत नाही, आणि मग एका पिशवीत सगळं भरून आमच्याकडे. चांगला स्विचपण अर्ध्या खटक्यावर मीटरला ओपनच दाखवतो! आतला ट्रायॅक चालू व्हायला त्याच्या गेटला मारणारा एक डायॅक असतो, त्याला तीसेक व्होल्ट लागतात तेव्हा तो उघडतो. मीटर देतो दोन-तीन व्होल्ट. तो काय उघडणार. म्हणजे मीटरने अर्ध्यावर बीप नाही आली तर त्यातून काहीच कळत नाही. उलट कामाची खूण ही, की प्लग सॉकेटमधून काढून ठेवा, मीटर प्लगच्या लाईन आणि न्यूट्रलच्या दोन पिनांवर लावा, खटका जरासाच दाबा, अन् तिथे थोडेच ओहम्स दाखवले तर ट्रायॅक शॉर्ट आहे. खटका पूर्ण दाबल्यावर मोटरचे काही ओहम्स दिसले तर घाबरू नका, ते तो बायपासचा कॉन्टॅक्ट लागल्यामुळे.

आम्ही दुकानात मीटरपेक्षा सीरिज बल्ब जास्त वापरतो. शंभर वॅटचा जुना फिलामेंटवाला बल्ब, एलईडी चालत नाही, तो ड्रिलच्या लाईनमध्ये सीरिजला. मोटर जेमतेम सरकते, पण बल्ब सगळं सांगतो. खटका हळूहळू दाबला आणि बल्ब मंद ते तेज गुळगुळीत वाढत गेला तर स्पीडचा भाग ठीक. हात लागताक्षणी फुल पेटला तर ट्रायॅक शॉर्ट. मधेच फडफडला, म्हणजे एका जागी विझतो अन् पुढे परत पेटतो, तर पट्टी झिजलीय किंवा तिच्यावर काळी माती बसलीय. आणि पूर्ण दाबायच्या आधी खटका कितीही दाबा, बल्ब अर्ध्यावरच अडकला, मोटर गुरगुरते आणि थरथरते, तर ट्रायॅक एकाच बाजूने चालतोय, अर्धीच लाट जातेय. हे उघड्या टर्मिनलजवळ असतं, सवय नसेल तर घरी करू नका, आमच्या टेबलावर दोन मिनिटांचं काम आहे.

एक केस सांगतो म्हणजे लक्षात येईल. यावलकडचा एक ड्रिपचं काम करणारा भाऊ आला, केळीच्या बागेत सबमेनच्या पीव्हीसी पाईपला ग्रोमेटसाठी भोकं पाडतो, दिवसभर तेच. त्या कामात स्पीड हळू लागतो, नाहीतर बिट पाईपवर घसरतं, भोक वाकडं पडतं आणि ग्रोमेटमधून पाणी ठिबकतं. त्याचं ड्रिल हात लागला की फुल पळायचं. महिन्याआधीच दुसरीकडे नवा स्विच टाकला होता, आता परत तेच. बल्ब लावला, फुल पेटला, ट्रायॅक शॉर्ट. पण आम्ही लगेच स्विच नाही टाकला. दोन स्विच एकसारखे कसे मेले, हा प्रश्न मला सतावतो, मला तसं सोडवत नाही.

कार्बन काढले. एक नवा होता तसा राहिला होता आणि एक जेमतेम चार एमएम, तोपण होल्डरमध्ये अडकलेला, काळ्या मातीची धूळ आणि कार्बनची भुकटी मिळून घट्ट लोणचं झालेलं. कार्बन अडकला की स्प्रिंग ढकलूनही तो कम्युटेटरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना, टेकत नाही, मधे अंतर राहतं, तिथे ठिणग्या उडतात, मशीनच्या फटीतून निळा-पांढरा उजेड दिसतो तो हाच. त्या ठिणग्यांतून जे झटके लाईनवर उलटे जातात ते ट्रायॅकला झेपत नाहीत. म्हणजे स्विच मेला, पण मारला कार्बनने. पहिल्याने फक्त मेलेला बदलला, मारणारा तिथेच होता, मग दुसरापण गेला. हेच आम्हाला सांगायचंय.

मग होल्डर साफ केलं, कार्बन त्यात सहज वरखाली सरकतो का ते पाहिलं, नवी जोडी टाकली (कार्बन नेहमी दोन्ही बदलायचे, एकच बदलून पैसे वाचत नाहीत). कम्युटेटर काळा पडला होता, तो बारीक काच पेपरने हलकाच फिरवून साफ केला. एमरी वापरत नाही, त्याची भुकटी पट्ट्यांच्या मधल्या खाचांत बसते अन् नवीन घोळ करते. मग शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांवर मीटर लावून गोल फिरलो, सगळीकडे सारखीच रीडिंग. एखाद्या जोडीवर वेगळी आली असती तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भागच, गेलेलं, आणि मग स्विचचा विचारच सोडावा लागतो, कारण खराब आर्मेचर करंट जास्त खातं आणि स्विच परत जाळतं. याचं ठीक होतं. मग नवा स्विच, परत बल्ब, गुळगुळीत वाढला, मग वीस मिनिटं रिकामं चालवून कार्बन बसवले. पुढच्या आठवड्यात तो केळीची फणी घेऊन आला, मशीन नाही.

म्हणून मशीन झटके मारत असेल तर क्रम असा ठेवा. आधी दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहा, विहिरीवरून पन्नास मीटर पातळ वायर ओढून चालवत असाल तर लोडवर व्होल्टेज पडतं आणि ड्रिल दम टाकल्यासारखं वागतं, दोष मशीनचा नसतो. मग केबल, जिथे ती मूठीत शिरते तिथे हलवून बघा, तिथेच आतली तार तुटते, वरून रबर साबूत दिसतं. मग एकदा रिव्हर्सवर. फॉरवर्डला अडखळतं अन् रिव्हर्सला मस्त चालतं, तर पहिला संशय दिशा बदलायच्या कॉन्टॅक्टवर, ते जळालेले असतात, कारण चालू मशीनमध्ये लिव्हर फिरवलेली असते. तसं करू नका भाऊ, मशीन थांबू द्या मग फिरवा. मग कार्बन, बाहेरून झाकण असेल तर स्क्रू फिरवून निघतात. पाच-सहा एमएमच्या खाली आले की बदला. आणि मग, सगळ्यात शेवटी, स्विच.

ज्यात स्पीडचा डायल वेगळा असतो, मोठे हॅमर आणि काही महागडी ड्रिल, त्यात बोर्ड खरंच वेगळा असतो. काहींत आर्मेचरच्या टोकाला चुंबकाचं कडं आणि त्याच्यासमोर सेन्सर असतो, लोड आला की बोर्ड त्यावरून करंट वाढवतो. ते कडं सरकलं किंवा सेन्सरची तार सुटली की मशीन स्पीड शोधत बसतं, वर-खाली वर-खाली. बोर्ड रेझिनमध्ये ओतलेला असतो, तो रिपेअर होत नाही, बदलावाच लागतो, आणि म्हणूनच तो मागवण्याआधी आम्ही सेन्सर आणि तार दोनदा पाहतो. बॅटरीवाल्यात ट्रायॅक नाही, मॉसफेट असतो, तो शॉर्ट झाला की हात लागताच फुल पळतं, आणि झटके मारत असेल तर बहुतेक वेळा बॅटरीचे टोक ढिले.

काही लोक म्हणतात "स्पीड नको, डायरेक्ट करून द्या". आम्ही करत नाही. सॉकेटचं बटण दाबताच फुल स्पीड, आणि तेरा एमएमचं बिट काँक्रीटमध्ये अडकलं तर मशीन थांबत नाही, मनगट फिरतं. माझ्या हाताला एकदा तसं झालंय, पंधरा दिवस पेचकस धरता येत नव्हता.

आणायचं कसं? शक्यतो उघडून आणू नका. उघडलंच असेल तर वायरींचा फोटो, सगळे स्क्रू आणि जुना स्विच, तो फेकू नका, त्याच्यावरचा नंबर पाहून बरोबर जोड मिळतो, नाहीतर बाजारात एकासारखे दहा दिसतात आणि खाचा जुळत नाहीत. चेकिंगचे पन्नास रुपये, आमच्याकडे रिपेअर केलं तर तेच बिलात वळते. स्विच बदलून घेतलात तर कार्बन मोफत तपासतो, झिजले असतील तर सांगतो, घेणं न घेणं तुमच्यावर. कार्बन न बदलता नवा स्विच पाहिजेच म्हणाल तर टाकून देऊ, पण बिलावर "गॅरंटी नाही" लिहून. उन्हाळ्यात ड्रिपवाल्यांची गर्दी असते, मशीन सकाळी लवकर टाका, तरच संध्याकाळी हातात देता येतं.