कोलंबीही बाधते, वाटाणाही बाधतो

आमच्याकडे मालवणात 'बाधणं' हे क्रियापद सगळ्यासाठी चालतं. माझ्या आतेभावाला कोलंबी बाधते, काकीला काळे वाटाणे बाधतात. सांगताना दोघांचं वाक्य एकच, पण पोटात आणि रक्तात जे घडतं त्याचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आतेभाऊ चाळिशीचा. जन्मभर सुंगटं खाल्लेला माणूस. दोन वर्षांपूर्वी गणपती गेल्यावर पहिल्याच रविवारी दुपारी कोलंबीचं कालवण-भात जेवला आणि वीसेक मिनिटांत तळहात खाजायला लागले. मग पोटावर, पाठीवर लालसर गांधी उठल्या, ओठ जड झाला, दोन उलट्या झाल्या. आत्या म्हणाली, "पित्त उठलाहा, सोलांचा पाणी लावा." इथे भाषेने घात केला. आंबट ढेकर येतात तेही आपल्याकडे पित्त आणि अंगावर उठतं तेही पित्तच. उलटी झाली म्हणजे पित्त पडलं, आता बरं वाटेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. तो न्हाणीघराकडे जायला उठला आणि दारातच डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसला, तेव्हा कुठे रिक्षा बोलावली.

त्याच्या शरीराने कोलंबीतल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाला शत्रू ठरवलं होतं. त्याविरुद्ध तयार झालेली आयजीई प्रतिपिंडं त्वचेत, आतड्यात, श्वसनमार्गात बसलेल्या पेशींना चिकटून असतात. प्रथिन पोचलं की या पेशी हिस्टामीन आणि तसलीच इतर रसायनं एकदम सोडतात. म्हणून सगळं मिनिटांत, फार तर दोनेक तासांत सुरू होतं आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी दिसतं. हे प्रथिन शिजवून मोडत नाही, त्यामुळे 'नीट उकळून खा' हा सल्ला निरुपयोगी. जन्मभर चाललं म्हणून पुढेही चालेल असंही नाही. कवचाच्या मासळीची ॲलर्जी मोठेपणी पहिल्यांदा दिसणं अजिबात दुर्मिळ नाही.

नुसत्या गांधी आणि गांधींबरोबर उलट्या, यांत फार अंतर आहे. ॲलर्जीचा पदार्थ खाल्ल्यावर त्वचा आणि पोट दोन्ही एकदम जोरात बिघडली, तर ती ॲनाफिलॅक्सिस समजायची. त्यासाठी धाप लागायची वाट बघायची नसते. घरातली सेटिरिझिनची गोळी खाज कमी करते, पण पडणारं ब्लड प्रेशर सावरत नाही. त्याला ॲड्रेनॅलिनच हवं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. तोवर माणसाला आडवं ठेवायचं, उलटी होत असेल तर कुशीवर, आणि चालायला लावायचं नाही. आतेभावाला इंजेक्शननंतर काही तास ठेवून घेतलं, कारण त्रास ओसरून पुन्हा उसळू शकतो.

आता काकीचे वाटाणे. रात्री दोन वाट्या सांबारं झालं की पहाटे पोट नगाऱ्यासारखं. वाटाणा, वाल, कुळीथ, मसूर यांच्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या तोडणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतंच, काकीच्या नाही तसं तुमच्याही नाही. त्या न पचता मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांवर ताव मारून वायू तयार करतात. म्हणून त्रास काही तासांनी होतो आणि तो मापावर असतो. काकीला अर्ध्या वाटीने काही होत नाही. रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात शिजवायचं, एवढ्यानेही फरक पडतो. बिरड्याला वाल मोड आणून घेतात, त्यातही या साखरा कमी होतात.

आतेभावाला अशी अर्धी वाटी नाही. पुढे एकदा वांग्याच्या भाजीत सोडे आहेत हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि पहिल्या दोन घासांतच ओठ सुजला. कुर्ल्या आणि शेवंडही त्याला बंद आहेत, कारण त्यांचं ट्रोपोमायोसिन जवळपास तसंच. सुरमई, बांगडा मात्र तो खातो. माशांची ॲलर्जी वेगळ्या प्रथिनाची असते.

तपासणीबद्दल एक सांगायला हवं. त्वचेवर टोचून किंवा रक्तातून केलेली आयजीई चाचणी एकटी निकाल देत नाही. घरातल्या धुळीतल्या किड्यांतही याच जातीचं प्रथिन असतं, त्यामुळे धुळीची ॲलर्जी असलेल्या, कोलंबी मजेत खाणाऱ्या माणसाचीही चाचणी पॉझिटिव्ह येते. आधी हकीकत, मग चाचणी. वाटाण्याच्या वायूला चाचणीच लागत नाही. पण काकीला कधी मसूर खाऊन अर्ध्या तासात गांधी उठल्या, तर तो वातूळपणा नव्हे. डाळींचीही खरी ॲलर्जी असते.

आत्याच्या चुलीशी आता दोन पळ्या आहेत. सुंगटांच्या दिवशी आतेभावाचे बांगडे आधी तळून होतात, त्यानंतरच त्या तेलात सुंगटं पडतात.